एकमेकींना जोडलेल्या नोंदींतून प्रबंधाच्या प्रकरणाची सरळ आउटलाइन कशी काढायची?

गोदाकाठची · १४ जुलै, रात्री १०:२०

मी नाशिकलाच भूगोलात पीएचडी करते आहे. विषय आहे गोदावरीचे पूर आणि नदीकाठच्या बाजारपेठेने त्यांच्याशी जमवून घेतलेलं जगणं. सकाळी कॉलेजात शिकवते, अभ्यास रात्री.

गेली तीन वर्षं ऑब्सिडियन या अ‍ॅपमध्ये नोंदी ठेवते. एका नोंदीत एकच मुद्दा, स्वतःच्या शब्दांत, शंभर-दीडशे शब्दांचा, आणि तिच्यातून संबंधित नोंदींना लिंक. ही शिस्त मी शक्यतो पाळते. तिसऱ्या प्रकरणाच्या नोंदी आज मोजल्या, ५८ भरल्या. त्यांच्यातल्या आपसातल्या लिंक १४० च्या आसपास आहेत.

गाईड मॅडमना २५ तारखेपर्यंत या प्रकरणाची आउटलाइन द्यायची आहे. तीन-चार पानं, वरून खाली सलग वाचता येतील अशी. आणि इथेच गाडी अडली आहे. कुठलीही नोंद पहिली घेतली की तिच्या आधी दुसरी हवी असं वाटतं, आणि त्या दुसरीच्या आधी तिसरी. ग्राफ उघडून बघितला. त्यात सगळ्यात मोठा ठिपका ‘पूररेषा’ या नोंदीचा, तिला २३ लिंक. म्हणून तिच्यापासून सुरुवात करून दोन रात्री बसले, पण हाती आलं ते पारिभाषिक शब्दकोशासारखं. एकामागून एक व्याख्या, आणि मला जे सांगायचंय ते कुठेच नाही.

यातून कोणी गेलं असेल तर नेमकं काय केलंत ते सांगा.

---

सातपूरकर · १४ जुलै, रात्री १०:४१

फेरफार नोंदी एकमेकींना जोडलेल्याच असतात. जुन्यापासून नव्यापर्यंत सलग उतारा तलाठी कार्यालयात अर्ज करून मिळतो. आमच्या वडिलोपार्जित जमिनीचा मी असाच काढला होता.

---

गोदाकाठची · १४ जुलै, रात्री १०:४६

दादा, या सातबाऱ्यावरच्या नोंदी नाहीत हो, अभ्यासाची टिपणं आहेत. पण उत्तर दिल्याबद्दल आभार.

---

कोड_कारखाना · १४ जुलै, रात्री ११:१५

हा प्रश्न सुटलेला आहे. कोणती नोंद कोणत्या नोंदीच्या आधी हवी याच्या जोड्या एका फाइलमध्ये लिहा, डावी आधी, उजवी नंतर. लिनक्सवर `tsort` नावाची जुनी कमांड आहे, ती सगळ्यांचा एक सरळ क्रम लावून देते. शीर्षकांत मोकळ्या जागा असतील तर ती गोंधळते, म्हणून नोंदींना छोटे क्रमांक द्या.

```
n04 n30
n11 n41
n17 n23
```

```
tsort links.txt
```

१४० लिंक म्हणजे १४० ओळी. पाच मिनिटांचं काम आहे.

---

गोदाकाठची · १५ जुलै, रात्री ९:३०

सगळ्या लिंक टाकून करून बघितलं. उत्तर आलं:

```
tsort: links.txt: input contains a loop:
```

आणि त्याखाली नोंदींची लांबलचक यादी. म्हणजे माझ्या नोंदी गोल फिरतात. हे मला आधीपासून वाटतच होतं, आता संगणकानेही सांगितलं.

---

निफाडकर · १५ जुलै, रात्री १०:०५

सिंचनाच्या इतिहासावरचा माझा प्रबंध तीनशेच्या वर नोंदींतून लिहिला, म्हणून सविस्तर सांगतो.

तुमच्या लिंक चुकलेल्या नाहीत. नोंद लिहिताना आपण ‘हिचा तिच्याशी काहीतरी संबंध आहे’ एवढ्यावर लिंक देतो. तो संबंध चार तऱ्हेचा असू शकतो. ती कळल्याशिवाय ही कळत नाही. ही तिचं उदाहरण आहे. ही तिला छेद देते. किंवा वाचताना सहज आठवली. यांतला फक्त पहिला संबंध क्रम ठरवतो, बाकीच्या तिघांना आधी-नंतर असं काही नसतं. कोड_कारखाना यांनी सांगितलेली रीत चांगली आहे, पण तिला १४० लिंक देऊन चालणार नाही. ‘ती कळल्याशिवाय ही कळत नाही’ एवढ्याच जोड्या द्या.

ग्राफमधल्या मोठ्या ठिपक्याबद्दलही सांगतो, कारण मी स्वतः त्यात एक महिना घालवला. जिला सर्वांत जास्त लिंक ती नोंद बहुतेक वेळा एखाद्या संज्ञेची असते. सगळे मुद्दे तिला स्पर्श करून जातात म्हणून ती फुगते. ती पार्श्वभूमी असते, सांगायची गोष्ट नसते. तिच्यापासून सुरुवात केली की शब्दकोश होणारच.

आता माझा तुम्हाला प्रश्न. या प्रकरणाचं म्हणणं एका वाक्यात सांगा. विषय नको, म्हणणं हवं, क्रियापद असलेलं पूर्ण वाक्य.

---

पंचवटीचा_नाना · १५ जुलै, रात्री १०:३०

ताई, विषय वाचून राहवलं नाही. १९६९ च्या पुरात मी आठ वर्षांचा होतो. आमच्या वाड्याच्या जिन्याच्या सातव्या पायरीवर वडिलांनी छिन्नीने खूण केली होती, ती अजून आहे. नंतर कधीही पाणी चढायला लागलं की घरात कोणी ‘किती फूट’ म्हणत नसे. ‘पायरी कितवी’ एवढंच विचारत. तुमच्या नोंदींत हे नसेल तर घाला.

---

दिंडोरीवाला · १६ जुलै, सकाळी ६:५०

आम्ही द्राक्षवाले. तीन प्लॉट, प्रत्येकाची वही वेगळी. कधी कोणतं औषध मारलं, पाणी किती दिलं, पाऊस किती झाला ते सगळं त्यात. माल बाहेर पाठवायचा तर हे सगळं एका कागदावर ओळीने मांडून द्यावं लागतं. आम्ही तारीख लावतो आणि क्रम लागतो. तुमच्या पुरांनाही तारखा आहेतच की. १९६९, २००८, २०१६, २०१९. लावा ओळीने.

---

गोदाकाठची · १६ जुलै, रात्री ९:१५

नाना, तुमची पायरी वाचून अंगावर काटा आला. माझ्याकडे नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरच्या खुणा आहेत, घरातल्या नाहीत. तुम्हाला वेगळा निरोप करते.

दिंडोरीवाला भाऊ, तारखांच्या क्रमाने पहिल्यांदा केलं होतं. तो पुरांचा इतिहास झाला. प्रत्येक पुराच्या वेळी लोक मारुतीकडे बघत होते हे चार वेळा आलं, आणि ते का बघतात हे एकदाही आलं नाही.

निफाडकर सर, आधी लिहिलं होतं, ‘हे प्रकरण पूररेषा आणि लोकांची पूरखूण यांच्याबद्दल आहे.’ मग लक्षात आलं की हा विषय झाला, म्हणणं नाही. तास-दीड तास खोडाखोड करून हे जमलं:

‘सरकारी पूररेषा आणि लोकांची पूरखूण एकाच पाण्याबद्दल बोलतात, पण रेषा कुठे बांधायचं याचं उत्तर देते आणि खूण आज रात्री काय करायचं याचं, म्हणून पाणी चढताना दुकानदार रेषेकडे न बघता दुतोंड्या मारुतीकडे बघतो.’

---

निफाडकर · १६ जुलै, रात्री ९:५०

छान वाक्य आहे. आता यातल्या ‘पण’ आणि ‘म्हणून’ या दोन शब्दांवर सगळं प्रकरण उभं करायचं.

तुमच्या ५८ पैकी सहा-सात नोंदींची शीर्षकं इथे द्या, पण वाक्य करून. ‘पूररेषा’ असं नको. ‘पूररेषा काय करते’ ते लिहा. नोंद एका मुद्द्याची असेल तर तिचं वाक्य होतं. वाक्य होत नसेल तर तिच्यात दोन मुद्दे आहेत किंवा एकही नाही.

---

गोदाकाठची · १६ जुलै, रात्री १०:४०

n04 दुतोंड्या मारुतीच्या अंगावर पाणी कुठवर आलं यावरून नाशिककर पूर मोजतात.
n11 निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची.
n17 गंगापूर धरण लहान पूर पोटात घेतं, पण भरलेलं असताना आलेलं पाणी त्याला पुढे सोडावंच लागतं.
n23 विसर्ग क्युसेकमध्ये जाहीर होतो, आणि त्या आकड्यावरून पाणी दुकानाच्या कोणत्या फळीपर्यंत येईल ते दुकानदाराला कळत नाही.
n30 भांडी बाजारातले दुकानदार माल वर हलवायचं ठरवतात ते मारुती बघून (माझ्या मुलाखती).
n36 सराफ बाजारात शिरणारं पाणी पुष्कळदा नदीचं नसतं, सरस्वती नाल्याचं असतं.
n41 शहरातल्या पूररेषा २००८ च्या पुरानंतर आखल्या गेल्या.

हे करताना ५८ पैकी नऊ नोंदींचं वाक्यच झालं नाही. चारांत दोन-दोन मुद्दे निघाले, ते वेगळे केले. पाच नुसते उतारे होते, मी कधीतरी चिकटवून ठेवलेले.

---

निफाडकर · १६ जुलै, रात्री ११:३०

आता नोंदींकडे बघू नका, त्यांच्यामधल्या फटीकडे बघा. मी तिला सांधा म्हणतो. दोन नोंदी शेजारी ठेवायच्या आणि मध्ये एकच शब्द लिहायचा. ‘कारण’, ‘म्हणून’, ‘पण’, ‘उदाहरणार्थ’, ‘म्हणजे नेमकं’, यांपैकी काहीही. तो शब्द सुचला तर सांधा बसला. ‘तसेच’ किंवा ‘आणि’ शिवाय काही सुचत नसेल तर त्या दोघी शेजारणी नाहीत, तुम्ही त्यांना एका विषयाच्या म्हणून जवळ बसवलंय. आणि काहीच सुचत नसेल तर तिथे प्रश्नचिन्ह टाकायचं, पुढे जायचं.

मी तुमच्या सात अशा लावेन. ऑब्सिडियनमध्ये नवी फाइल उघडून:

```
![[n30]]
म्हणजे नेमकं:
![[n04]]
पण सरकार वेगळ्या भाषेत सांगतं:
![[n23]]
??
![[n17]]
म्हणून २००८:
![[n41]]
म्हणजे नेमकं:
![[n11]]
पण खूणही अपुरी:
![[n36]]
```

उद्गारचिन्हासकट कंस टाकला की ती पूर्ण नोंद तिथेच उघडी दिसते, आणि ओळ वर-खाली हलवली की नोंद हलते. त्यामुळे कापाकापी न करता दहा क्रम करून बघता येतात.

सुरुवात n30 ने केली, कारण तीच खटकणारी गोष्ट आहे. बाजारातला माणूस सरकारी आकडा सोडून देवाकडे बघतो, आणि वाचकाला लगेच ‘का’ असा प्रश्न पडतो. तुमचा मोठा ठिपका n11 सहाव्या जागी गेलाय, जिथे त्याची गरज पडते तिथे.

n23 आणि n17 यांच्यामध्ये मला शब्द सापडला नाही. म्हणून प्रश्नचिन्ह.

---

लेखणीबाई · १७ जुलै, सकाळी ११:१०

माझं मत वेगळं आहे आणि ते स्पष्ट मांडते. मी वीस वर्षं प्रबंधांचं संपादन करते. नोंदी ओळीने लावून केलेलं प्रकरण मला पहिल्या पानावर ओळखू येतं. प्रत्येक परिच्छेद स्वतःची ओळख करून देत येतो. एका प्रबंधात ‘पाणलोट क्षेत्र म्हणजे’ हे मी एकाच प्रकरणात पाच वेळा वाचलंय. नोंद एकटी उभी राहावी म्हणून तिच्यात पार्श्वभूमी घातलेली असते, आणि ओळीत उभी केली की तीच पार्श्वभूमी डोक्यात खिळ्यासारखी बसते.

माझा सल्ला असा, की नोंदी बंद करा. कोऱ्या कागदावर आठवेल तसं दोन पानं लिहा. जे आठवलं नाही ते प्रकरणात नको असतं. नोंदी मग फक्त आकडे आणि संदर्भ तपासायला उघडा.

---

निफाडकर · १७ जुलै, दुपारी २:००

बाई, पुनरावृत्तीबद्दल शंभर टक्के मान्य. माझ्या मार्गदर्शकांनी पहिल्या खर्ड्यावर तेच लिहिलं होतं. त्यावर मी एक उपाय केला. क्रम नक्की झाल्यावर प्रत्येक संज्ञा पहिल्यांदा कुठे येते ती जागा ठरवायची, व्याख्या फक्त तिथे ठेवायची, आणि बाकीच्या नोंदींची पहिली एक-दोन वाक्यं उडवायची. बहुतेक नोंदींत ओळख करून देणारी वाक्यं सुरुवातीलाच असतात, त्यामुळे काम वाटतं तेवढं मोठं नाही.

पण ‘जे आठवलं नाही ते नको’ हे मला पटत नाही. माणसाला त्याच्या म्हणण्याला पोसणारं आधी आठवतं, आणि छेद देणारं राहून जातं. n36 बघा. नाल्याचं पाणी मारुतीला कळत नाही ही गोष्ट यांच्या सुंदर वाक्याच्या विरोधात जाते. कोऱ्या कागदावर ती आली असती का, याची मला शंका आहे.

---

लेखणीबाई · १७ जुलै, दुपारी ३:२०

आली नसती असं तुम्ही गृहीत धरताय. त्यांनी लिहून बघावं.

---

गोदाकाठची · १८ जुलै, रात्री १०:००

बाईंनी सांगितलं तसं काल रात्री नोंदी बंद करून लिहिलं. एक पान आणि वर चार ओळी झाल्या. खरं सांगते, n36 त्यात आली नाही. पण दुसरी एक गोष्ट आली जी ५८ पैकी एकाही नोंदीत नव्हती. ‘धरणातून सोडलेलं पाणी आणि शहरातून जाणारं पाणी हे दोन वेगळे आकडे आहेत’ असं वाक्य आपोआप उमटलं. पावसाळ्यात रोज बातम्यांत गंगापूरचा विसर्ग इतका आणि होळकर पुलाखालून इतका, असे दोन आकडे येतात. मी ते लहानपणापासून ऐकते आहे, आणि कधी नोंद केली नाही.

निफाडकर सर, तुम्ही टाकलेलं प्रश्नचिन्ह तिथेच होतं ना? n23 आणि n17 च्या मध्ये?

---

निफाडकर · १८ जुलै, रात्री १०:२५

तिथेच होतं. आता सांधा बघा. सरकार क्युसेकमध्ये सांगतं (n23). पण क्युसेकचेही दोन आकडे आहेत, धरणावरचा आणि होळकर पुलावरचा. पुलावरचा जास्त येतो, कारण धरणाच्या खाली पडलेला पाऊस त्यात मिळतो. म्हणून धरण पाणी अडवून बसलं असतानाही शहरात पाणी चढू शकतं (n17 ची दुसरी बाजू). दुकानदाराला यांतला कोणता आकडा आपला, ते कळत नाही. मारुती मात्र एकच आहे, आणि त्याच्यापाशी दोन्ही पाणी एक होऊन आलेलं असतं.

तुमच्या प्रकरणाचा कणा इथे आहे, आणि त्याची नोंदच नव्हती. बाई, हे तुमच्या कोऱ्या कागदामुळे सापडलं, मानतो. पण ती जागा रिकामी आहे हे सांध्यांमुळे दिसलं.

---

नकाशावेडा · १९ जुलै, दुपारी १:१५

उशिरा येतोय. भूगोलाचा प्रबंध आहे तर क्रम नदीनेच दिलाय की. गंगापूर धरण, मग होळकर पूल, मग रामकुंड, मग दुतोंड्या मारुती. पाणी जसं येतं तसं प्रकरण जाऊ द्या. वाचक हरवणार नाही आणि नकाशा एकच लागेल.

---

निफाडकर · १९ जुलै, दुपारी २:४०

पाणी कुठून किती येतं एवढ्या भागापुरता हा क्रम उत्तम, तिथे दुसरा वापरूच नये. सगळ्या प्रकरणाला लावला तर मुलाखती कुठे बसवणार? दुकानदाराचं म्हणणं नदीच्या कोणत्या किलोमीटरवर ठेवायचं? प्रत्येक भागाला स्वतःचा क्रम असू शकतो. कुठे नदीचा, कुठे काळाचा. प्रकरणाचा मात्र म्हणण्याचा असावा.

---

नकाशावेडा · १९ जुलै, दुपारी ३:०५

दुकानदाराचं म्हणणं त्याच्या दुकानाच्या जागेवर ठेवायचं. मुलाखती जागेनुसार बदलतात, तुम्ही तपासून बघा. मला अजूनही नदीचाच क्रम योग्य वाटतो.

---

दिंडोरीवाला · १९ जुलै, रात्री ८:३०

मी तारीख लावा म्हटलं होतं, त्यात दुरुस्ती करतो. आम्ही वहीत तारीख लिहितो, पण कामाचा हिशेब तारखेने करत नाही. छाटणीपासून कितवा दिवस, असा करतो. ऑक्टोबर छाटणी झाली की तो दिवस शून्य. एका प्लॉटची छाटणी आज, दुसऱ्याची वीस दिवसांनी, तर एकाच तारखेला दोन्हीकडे कामं वेगळी. तारीख बघून फवारणी केली तर माल जाईल. ताईंनी त्यांचा शून्य ठरवावा.

---

गोदाकाठची · १९ जुलै, रात्री ९:१०

भाऊ, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. माझा शून्य म्हणजे दुकानदार माल उचलायचं ठरवतो तो क्षण. त्याच्या आधी त्याला काय काय कळलं, कुणाकडून कळलं, कोणत्या भाषेत कळलं, अशी मागे मोजणी. निफाडकर सरांनी n30 पहिली ठेवली ती का, ते आज नीट उमजलं.

---

कोड_कारखाना · १९ जुलै, रात्री ११:००

माझ्या पहिल्या प्रतिसादात लिंकचे प्रकार वेगळे करायला हवे होते, ते राहिलं. ‘हिच्याआधी ती कळायलाच हवी’ अशाच जोड्या ठेवून पुन्हा चालवलंत का?

---

गोदाकाठची · २० जुलै, रात्री ९:४०

चालवलं. १४० पैकी १९ उरल्या. तरी एक फेरा आलाच, n17 आणि n23 चा. धरणाची नोंद समजायला क्युसेक माहीत हवा, आणि क्युसेकच्या नोंदीत मी उदाहरण म्हणून धरणाचा विसर्गच घेतला होता. उदाहरण काढून तिथे ‘सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण २८ लिटर’ एवढंच ठेवलं आणि फेरा सुटला. मग क्रम मिळाला, पण तो वाचण्यासारखा नव्हता.

---

कोड_कारखाना · २० जुलै, रात्री १०:१०

बरोबर आहे. ५८ नोंदींवर १९ अटी म्हणजे नियमात बसणारे क्रम असंख्य, आणि कमांड त्यातला कोणताही एक देते. चांगला कोणता ते तिला कळायचं कारण नाही. तुम्ही हाताने लावलेला क्रम त्या १९ अटी मोडत नाही ना, एवढं तपासायला मात्र ती यादी डोळ्यांसमोर ठेवा. ‘लाल रेषा’ हा शब्द व्याख्येच्या दोन पानं आधी आलाय, अशा चुका तिथे पकडता येतील.

---

अनुस्वार · २० जुलै, रात्री १०:३५

हे सगळं वाचून एक विचारावंसं वाटतं. ज्या जर्मन समाजशास्त्रज्ञ लुहमनवरून ही पद्धत आली त्याच्याकडे ९०,००० च्या आसपास चिठ्ठ्या होत्या आणि त्यांना १, १अ, १अ१ असे क्रमांक होते. मग त्याला आउटलाइनची गरजच नव्हती ना? पेटीतून ओळीने चिठ्ठ्या काढायच्या की पुस्तक तयार. तुमच्या नोंदींना असे क्रमांक नाहीत, म्हणून अडलंय.

---

निफाडकर · २१ जुलै, सकाळी ७:३०

क्रमांक होते हे खरं. पण १अ चा अर्थ ‘ही चिठ्ठी १ च्या मागे ठेवली’ एवढाच. नवा विचार ज्या जुन्या विचारावरून सुचला त्याच्या पाठीला तो चिकटला. सुचण्याचा क्रम आणि वाचकाला पटवण्याचा क्रम एकच असेल असं नाही. ताईंच्या बाबतीत तर सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा सगळ्यात शेवटी सुचलाय, आणि प्रकरणात तो मध्यावर येणार आहे.

आता पुढच्या पायरीतला एक धोका सांगतो, कारण तो मला महागात पडला. आउटलाइन मान्य झाली की लिहायला बसाल. तेव्हा उघड्या दिसणाऱ्या नोंदीत शिरून वाक्यं बदलू नका. तिथे केलेला बदल मूळ नोंदीत होतो, आणि तीच नोंद पाचव्या प्रकरणात लागणार असेल तर तिथलं तोंड तुटलेलं सापडतं. क्रम लावेपर्यंत उघड्या नोंदी, लिहायला घेतलं की मजकूर नव्या फाइलमध्ये उतरवून घ्यायचा, मूळ तशीच. आणि उतरवताना संदर्भाची खूण वाक्याबरोबर न्या. परिच्छेदाच्या शेवटी गोळा केलेले संदर्भ नंतर कोणत्या वाक्याचे होते ते मलाच सांगता येईना.

---

लेखणीबाई · २१ जुलै, दुपारी १२:१५

याला माझंही अनुमोदन. आणि एक भर. शंभर शब्दांची नोंद फुगवून पान करू नका. काही नोंदींचं प्रकरणात अर्धं वाक्य होतं आणि ते पुरतं. n41 मला तशी वाटते. ‘२००८ च्या पुरानंतर आखलेली रेषा’ एवढ्यात ती संपते, n11 च्या वाक्यातच बसते. याउलट n30 ला चार पानं लागतील, कारण तिच्यात माणसं आहेत.

---

गोदाकाठची · २३ जुलै, रात्री ११:२०

सगळ्यांना कळवायचं होतं म्हणून आज थांबले.

नऊ नोंदी वाक्यात बसल्या नव्हत्या. चार फोडून आठ झाल्या, पाच उतारे काढून टाकले, म्हणजे एकूण ५७ उरल्या. त्यांतल्या ३१ आउटलाइनमध्ये आहेत. १४ पाचव्या प्रकरणाच्या निघाल्या, त्या पुराच्या आठवणींच्या आहेत, पुराच्या निर्णयाच्या नाहीत. १२ कुठेच नाहीत आणि ते ठीक आहे. बाईंच्या म्हणण्याप्रमाणे ३१ पैकी ११ एकेका वाक्यात मिटल्या. प्रश्नचिन्हं एकूण सहा होती. चारांना नुसता जोडणारा परिच्छेद लागला. पाचवं होळकर पुलाचं. त्यासाठी निदान तीन पावसाळ्यांचे दोन्ही आकडे, तासावार, आणि त्याच तासांना मारुती कुठवर बुडला होता ते हवं आहे. आकड्यांसाठी अर्ज केला आहे. आउटलाइनमध्ये ती ओळ रिकामी ठेवून ‘माहिती यायची आहे’ असं लिहिलं आहे.

सहावं n36 चं. नाल्याचा मुद्दा शेवटी ठेवला तर तो अपवाद वाटतो. मधे आणला तर दुकानदाराच्या शहाणपणाला तिथेच तडा जातो आणि पुढचं वाचायला मन लागत नाही. दोन्ही क्रम करून नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवले. त्यांना शेवटचा आवडला, मला मधला.

---

नकाशावेडा · २४ जुलै, सकाळी ९:००

मधे ठेवा. नाला नदीला जिथे मिळतो तिथे.

---

निफाडकर · २४ जुलै, सकाळी ९:४०

मी शेवटी ठेवला असता. पण मॅडमना दोन्ही दाखवा, असं मनापासून सांगतो. हा निर्णय तुमच्या म्हणण्याचा आहे, मांडणीचा नाही.

---

पंचवटीचा_नाना · २४ जुलै, संध्याकाळी ७:१५

ताई, निरोप मिळाला. रविवारी सकाळी या, पायरी दाखवतो. टेप घेऊन या, जमिनीपासून मोजून घ्या. आणखी एक सांगायचं राहिलं. त्या वर्षी पाणी आधी मागच्या मोरीतून आत आलं होतं, पुढच्या दारातून नंतर. आई सांगायची, मोरी बोलायला लागली की माळ्यावर चढायचं.

---

गोदाकाठची · २४ जुलै, संध्याकाळी ७:४०

नाना, म्हणजे मोरीचीही खूण होती लोकांकडे! मग नालेवालं पाणीही त्यांना कळत होतं, फक्त ते मारुतीवरून कळत नव्हतं. माझ्या एकाही मुलाखतीत मी मोरीबद्दल विचारलेलं नाही. n36 च्या खाली नवी नोंद उघडते आहे. रविवारी नऊला येते, टेप घेऊन.